सप्ताहाची रजा आणि दूध डेअरीचं काम

आज मी तुम्हाला एका अर्जाची गोष्ट सांगणार आहे. आमच्या गटातली एक ताई शेजारच्या गावातल्या दूध संस्थेत कामाला आहे. दूध मोजून झालं की नमुना घ्यायचा, मशीनवर फॅट काढायची, उत्पादकाच्या नावावर नोंद करायची आणि दर दहा दिवसांनी बिलं तयार करायची, हे तिचं काम. संस्थेत माणसं चारच. त्यामुळे एक जण आला नाही की बाकीच्यांची धावपळ होते.

यंदा, म्हणजे २०२६ साली, तिच्या सासरच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. सप्ताह दरवर्षीच असतो, पण यंदाची गोष्ट निराळी होती. तिच्या सासूबाई कित्येक वर्षं ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसायच्या. आता त्यांना अक्षर दिसेना. त्या सुनेला म्हणाल्या, "माझ्या जागेवर तू बस. मी शेजारी बसून ऐकीन." ताईला नाही म्हणवेना, आणि तिला नाही म्हणायचंही नव्हतं. पण पारायणाला बसायचं तर एकही दिवस चुकवून चालत नाही. अठरा अध्याय आणि नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत वाचायच्या असतात. एकट्या अठराव्या अध्यायातच अठराशेच्या वर ओव्या आहेत, त्यामुळे शेवटी शेवटी वाचन लांबतं. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. सकाळ-संध्याकाळचं दूध संकलन नेमकं त्याच वेळेला.

तिनं पहिला अर्ज लिहिला तो असा: "घरी देवाचा कार्यक्रम असल्याने मला आठ-दहा दिवस रजा मिळावी ही विनंती." चेअरमननी वाचला आणि म्हणाले, "बघू." ताई तो अर्ज घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, नोकरी तरी जाईल नाहीतर सासूबाईंचा शब्द तरी मोडेल.

मी तिला म्हटलं, "अगं, ते दुसरं काय म्हणणार? आठ की दहा, हे तुलाच ठाऊक नाही. तुझ्या जागी कोण, हेही त्यात नाही. म्हणजे ते सगळं कोडं तू त्यांच्याच टेबलावर ठेवलंस." मालक रजा नाकारतो तेव्हा दर वेळी त्याचा देवाधर्माला विरोध असतो असं नाही. उद्या सकाळी सहाला कॅन घेऊन लोक रांगेत उभे राहतील, तेव्हा मशीनवर कोण बसेल, ही त्याची काळजी असते.

मग आम्ही कॅलेंडर काढलं. सप्ताहाची समाप्ती हनुमान जयंतीला, चैत्र पौर्णिमेला. ताईनं १ एप्रिल धरली होती, कारण कॅलेंडरात त्या दिवशी पौर्णिमा लागलेली दिसत होती. पण पौर्णिमा १ तारखेला सूर्योदयानंतर लागत होती आणि २ तारखेला सकाळी संपत होती. हनुमान जन्म सूर्योदयाला होतो. सूर्योदयाला पौर्णिमा होती ती २ एप्रिलला, गुरुवारी. एक दिवसाची चूक राहिली असती, तर काल्याच्या दिवशीच ताईला कामावर जावं लागलं असतं. तिथीवरून तारीख काढताना सप्ताह समितीच्या पत्रिकेशी ताडून पाहावी. आम्ही पुजाऱ्यांनाही विचारलं. २६ मार्च ते १ एप्रिल पारायणाचे सात दिवस आणि २ एप्रिलला काल्याचं कीर्तन व महाप्रसाद, असा हिशेब पक्का झाला. म्हणजे आठ दिवस. "आठ-दहा" नाही.

पुढची अडचण खरी मोठी होती. दूध बिलं १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर अशी निघतात. २१ ते ३१ मार्चचं बिल नेमकं सप्ताहात येत होतं, वर आर्थिक वर्षाचा शेवट. चेअरमनच्या "बघू"मागे हेच असणार. ताई म्हणाली, "ते अर्जात कशाला लिहायचं? त्यांच्या लक्षात आलं नाही तर बरंच." मला ते पटलं नाही. जी अडचण त्यांना दिसणारच आहे ती आपण आधी लिहिली आणि वाट सुचवली, तर बोलणं तिथून पुढे जातं. दुपारी एक ते चार सप्ताहात जेवण आणि विश्रांती असते. ताई म्हणाली, "मग ३१ला दुपारी येऊन बिल करते." लगेच तिच्याच लक्षात आलं की ३१च्या संध्याकाळचं दूध तोवर यायचंच असतं. म्हणून १ तारीख ठरली.

तिनं मग दुसरा अर्ज लिहिला. तो तिच्या परवानगीनं वाचते.

"दिनांक ५ मार्च २०२६.
मा. चेअरमनसाहेब, दूध संस्था, यांस.
विषय: सप्ताहातील पारायणासाठी रजा मिळण्याबाबत.
महोदय, आमच्या गावी २६ मार्च ते २ एप्रिल २०२६ या काळात अखंड हरिनाम सप्ताह आहे. सासूबाईंच्या जागी मी यंदा ज्ञानेश्वरी पारायणास बसणार आहे. पारायण सलग सात दिवस करावे लागते व आठव्या दिवशी काला असतो. म्हणून मला गुरुवार २६ मार्च ते गुरुवार २ एप्रिल अशी रजा मिळावी. शुक्रवार ३ एप्रिलला सकाळच्या संकलनास मी हजर राहीन. या आठ दिवसांत बुधवारची माझी साप्ताहिक सुट्टी येते, म्हणून रजा सात दिवसांची होते. माझी शिल्लक रजा चार दिवस आहे. उरलेले तीन दिवस बिनपगारी धरावेत.
या काळात २१ ते ३१ मार्चचे बिल येते याची मला जाणीव आहे. २० तारखेपर्यंतची बिले व पशुखाद्याच्या कपातीची यादी मी २४ मार्चपर्यंत पूर्ण करून आपणास दाखवीन. १ एप्रिलला दुपारी अडीच ते साडेचार मी संस्थेत येऊन ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंतची बेरीज ताळून बिल तयार करीन.
वजनकाट्यावरील सहकाऱ्याने मशीनचे काम बघण्याची तयारी दाखवली आहे. आपली संमती असल्यास १९ ते २१ मार्च तो माझ्याजवळ बसून शिकेल. २२ ते २५ मार्च तो स्वतः काम करील व मी शेजारी उभी राहीन. त्याच्या जागी काट्यावर कोणास ठेवावे ते आपण ठरवावे. कामाचा लेखी कागद व कपाटाच्या किल्ल्या मी २५ तारखेला संध्याकाळी आपल्यासमोर त्याच्याकडे देईन. काही अडल्यास दुपारी एक ते दोन या वेळेत माझा फोन चालू राहील.
आपली विश्वासू."

यात दोन गोष्टींवर आम्ही बराच वेळ घालवला. एक म्हणजे फोन. ताईनं आधी "केव्हाही फोन करा" असं लिहिलं होतं. पारायणात फोन पिशवीत बंद असणार, मग केव्हाही कसा उचलणार? एक ते दोन हा तास ती नक्की देऊ शकत होती, तेवढाच लिहिला. दुसरी गोष्ट सहकाऱ्याची. त्याला न विचारता त्याचं नाव पुढे करू नये, आणि त्याच्या जागी कोण हे परस्पर ठरवू नये. तो हक्क चेअरमनचा.

पगाराचंही स्पष्ट लिहिलं ते बरं झालं. आपल्याकडे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना २०१७ चा राज्याचा कायदा लागू होतो, त्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आहे. चार माणसांच्या संस्थेत तसं म्हणता येत नव्हतं. तिथं नेमणुकीच्या वेळी ठरलेलंच धरावं लागतं. तुमच्याकडे काय ठरलंय ते आधी विचारून घ्या.

चेअरमननी दुसरा अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "पोरगं मशीन धुतं का नीट?" म्हणजे रजेचं ठरलं होतं. ताईनं दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही आणि तारीख घेतली. तोंडी "जा" म्हटलं तरी ही सही घ्यावी, कारण पगाराच्या दिवशी कोण काय बोललं होतं ते कुणाला आठवत नाही.

आता त्या लेखी कागदाविषयी. तो तिनं एक पानभरच लिहिला, पण कामाच्या क्रमानं. नमुना घेण्याआधी दूध तळापासून ढवळायचं, नाहीतर साय वर राहते आणि फॅट चुकते. शंका आली तर तोच नमुना दुसऱ्यांदा लावायचा. दोन्ही वेळा आकडा सारखा यायला हवा. फरक आला तर नमुन्यात फेस आहे का ते बघायचं, मशीन साफ करायची आणि मगच पुढचं दूध घ्यायचं. आंबट दूध कुणाचंही असो, कॅनमध्ये ओतायचं नाही. उत्पादक भांडायला लागला तर आकडा खोडायचा नाही, शेऱ्यात लिहून ठेवायचं आणि चेअरमनना दाखवायचं. संगणकाचा पासवर्ड मात्र तिनं कागदावर लिहिला नाही, चेअरमनच्या हाती वेगळा दिला.

चौथ्या दिवशी, २९ तारखेला, एका म्हातारबाबांची फॅट नेहमीपेक्षा बरीच कमी आली. ते तावातावानं बोलू लागले. पोरानं तोच नमुना परत लावला तर आकडा तिसराच. कागदात लिहिल्याप्रमाणे त्यानं रांग थांबवली आणि मशीन धुतली. मग बाबांची फॅट रोजच्यासारखी आली. त्याआधीच्या पाच जणांचे नमुने बाटल्यांत होते, तेही त्यानं पुन्हा लावले. ताईला हे दुपारी एकच्या फोनवर कळलं. सासूबाई शेजारीच जेवत होत्या. त्या म्हणाल्या, "झालं ना नीट? मग भात खा."

१ तारखेला ताई अडीचला संस्थेत गेली. बेरीज जुळायला पाच वाजत आले. अर्धा तास जास्तच गेला, आणि ग्रंथदिंडी निघताना ती धावतपळत पोचली.

एक गोष्ट मात्र कागदात राहूनच गेली होती. पावतीच्या प्रिंटरचा कागद ३० तारखेच्या संध्याकाळी संपला. नवे रोल ताईच्या कपाटात होते, किल्लीही पोराकडे होती, पण रोल तिथं असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी चाळीसेक जणांना त्यानं हातानं पावत्या लिहून दिल्या. ताईनं परत आल्यावर तो कागद काढला आणि खाली एक ओळ वाढवली: "प्रिंटरचे रोल कपाटात, खालच्या कप्प्यात, डाव्या हाताला."