हक्क आणि मुभा

वेस्ली होफेल्ड यांनी १९१३च्या लेखात कोळंबीच्या सॅलडचं उदाहरण घेतलं. मालक म्हणतो, जमलं तर खा, पण मी आड येणार नाही असं वचन देत नाही. तुम्ही खाल्लं तर त्याचा हक्क मोडत नाही. ही मुभा, म्हणजे प्रिव्हिलेज. पण त्याने बशीच धरून ठेवली, तर तक्रार करता येत नाही. त्याच्यावर बशी सोडण्याचं कर्तव्य नाही, म्हणून तुम्हाला हक्कही नाही.

लायबिलिटीलाही परीक्षेत सर्रास ‘कर्तव्य’ लिहितात. मी म्हटलं, ‘माझी सायकल ३,००० रुपयांना घ्या.’ अजून ती द्यायचं कर्तव्य माझ्यावर नाही. तुमच्या होकाराने ते येऊ शकतं, एवढीच माझी लायबिलिटी. तुम्ही ‘घेतली’ म्हणालात, की कर्तव्य आलं. त्याआधी मी प्रस्ताव मागे घेतल्याचं कळवलं, तर नाही.