यूपीएस की स्पाइक गार्ड? डेस्कटॉपला नेमकं काय लागतं

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो: "स्पाइक गार्ड लावलाय, त्यावरचा हिरवा दिवाही लागतो, तरी पीसी मधेच रिस्टार्ट का होतो?" आज फक्त याच प्रश्नावर बोलू.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याचं गाव आहे. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातलं व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं, पंखा रेंगाळतो. रात्री मोटारी बंद झाल्या की तेच २६५ वर जातं. शिवाय दिवसातून तीन-चारदा लाइट जाते. पीसी आणि मॉनिटर मिळून साधारण १५० वॉट घेतात.

स्पाइक गार्ड, म्हणजेच सर्ज प्रोटेक्टर, काय करतो? त्याच्या आत व्हेरिस्टर नावाचा बिस्किटासारखा छोटा पार्ट असतो. व्होल्टेज अचानक कित्येक शे व्होल्टने उसळलं की तो वाट मोकळी करतो आणि जादा करंट वळवतो. ही उसळी सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकी छोटी असते. जवळपास वीज पडली किंवा मोठी मोटार बंद झाली की अशी उसळी येते. पण २६५ व्होल्ट त्याच्या लेखी नॉर्मलच आहे, तेव्हा तो हलत नाही. १७० ला तर तो काहीच करू शकत नाही. जास्तीचं कापणं हे त्याचं काम. कमी पडलेलं तो आणणार कुठून? त्याच्यात बॅटरीच नाही.

म्हणून संध्याकाळी रिस्टार्ट होतो. तुमच्या एसएमपीएसवरचं लेबल वाचा. स्वस्तातल्या बऱ्याच एसएमपीएसवर इनपुट २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १७० ला त्याचा जीव तोकडा पडतो. १०० ते २४० लिहिलं असेल तर तो कमी व्होल्टेज निभावून नेतो, पण लाइट गेल्यावर तोही बंदच पडणार.

आता यूपीएस. आपल्याकडे घरगुती वापराचा ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा लाइन-इंटरॅक्टिव्ह असतो. त्यात एव्हीआर असतो, तो ट्रान्सफॉर्मरच्या मदतीने १७० चे साधारण २०० करतो आणि २६५ खाली आणतो. हे सगळं बॅटरीला हात न लावता. लाइट पूर्ण गेली की साधारण १० मिलिसेकंदांच्या आत तो बॅटरीवर येतो. तेवढा वेळ एसएमपीएसमधले कपॅसिटर मशीनला धरून ठेवतात, म्हणून स्क्रीन सहसा मिचकावतही नाही. घेताना बॉक्सवर एव्हीआर आहे का आणि इनपुट रेंज किती आहे ते बघा. १४० ते ३०० लिहिलं असेल तर वरच्या गावाला चालेल. एव्हीआर नसलेला यूपीएस रोज संध्याकाळी पुन्हा पुन्हा बॅटरीवर जाईल आणि बॅटरी लवकर संपवेल.

बॅकअप किती? आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-अवर. पण इतक्या वेगाने वापरल्यावर त्यातलं साधारण निम्मंच, म्हणजे ४० च्या आसपास, मशीनपर्यंत पोचतं. १५० वॉटचा पीसी त्यावर पंधराएक मिनिटं चालेल. काम सेव्ह करून नीट शटडाऊन करायला एवढं पुरे. गेम पूर्ण करायला नाही.

बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते, आणि हे लाइट गेल्यावरच कळतं. म्हणून महिन्यातून एकदा सगळं सेव्ह करा, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि घड्याळ लावा. प्लग उपटू नका, अर्थिंग तुटतं. पंधराची तीन मिनिटं झाली असतील तर बॅटरी बदला.

जोडणी सोपी आहे. पीसी, मॉनिटर आणि राउटर यूपीएसवर. लेझर प्रिंटर यूपीएसवर नको, तो तापताना एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होईल. त्याला स्पाइक गार्ड द्या. मात्र स्पाइक गार्डलाही चांगलं अर्थिंग लागतं. आणि व्हेरिस्टर प्रत्येक उसळीबरोबर झिजतो, त्यामुळे 'प्रोटेक्टेड'चा दिवा विझला की तो नुसता एक्स्टेंशन बोर्ड उरतो.

दोघांचीही एक हद्द आहे. न्यूट्रल तुटला तर घरात ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात, आणि तेही मिनिटभर टिकून. तेव्हा व्हेरिस्टर तापून जळतो, यूपीएसही वाचेलच असं नाही. दिवे एकदम प्रखर झाले की मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. विजा कडाडायला लागण्याआधी प्लग काढा, राउटरची इंटरनेटची केबलसुद्धा. ती उसळी त्या तारेनेही आत येते.

बजेट एकाचंच असेल आणि लाइट रोज जात असेल, तर आधी यूपीएस घ्या. चला, भेटू पुढच्या भागात.