ताप एक, औषधांच्या वेळा तीन

ताप आला की आपण दवाखान्यात म्हणतो, "डॉक्टर, भारीतली गोळी द्या." भारीतली म्हणजे अँटिबायोटिक. ती जिवाणू मारते, विषाणूवर तिचा काही उपयोग होत नाही.

२००९ साली पुण्यात स्वाइन फ्लू पसरला, तेव्हा नायडू रुग्णालयाचं नाव घरोघरी झालं. तो विषाणूचा ताप. त्यावरची गोळी ऑसेल्टामिविर, म्हणजेच टॅमिफ्लू. शरीरात तयार झालेले नवे विषाणू ती पुढे पसरू देत नाही. पण ते आधीच पसरले असतील तर ती अडवणार कुणाला? म्हणून पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली तर तिचा खरा फायदा. डॉक्टरांना आधी ताप कोणत्या वारी चढला ते सांगा. बाई गरोदर असेल किंवा धाप लागली असेल, तर उशीर झाला तरी ते ही गोळी देतात.

फ्लूची लस मात्र धडधाकट असतानाच घ्यायची. तिचा गुण यायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे अंगातला ताप तिने उतरत नाही.

मग अँटिबायोटिक कधी? समजा, सोमवारी आलेला फ्लूचा ताप शुक्रवारी उतरला. बाई शनिवारी केळीच्या बागेत कामाला गेली. रविवारी पुन्हा हुडहुडी भरली, पिवळा बेडका पडू लागला, श्वास घेताना छातीत कळ येऊ लागली. फ्लूने दुबळ्या झालेल्या फुप्फुसात आता जिवाणू शिरले असावेत. हा न्यूमोनिया असू शकतो, आणि इथे अँटिबायोटिक जीव वाचवतं. मात्र डब्यातल्या उरलेल्या गोळ्या देत बसू नका, तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.