पोटदुखीला एक्स-रे की सोनोग्राफी?



तपासणी कोणती करायची ते डॉक्टरच ठरवतात. पण बाईला घेऊन तालुक्याला आपणच जातो, म्हणून कशात काय दिसतं ते आपल्याला माहीत हवं.

एक्स-रेत हाड पांढरं उमटतं आणि हवा काळी. म्हणून पडल्यावर हात वाकडा झाला, पायावर भार देता येईना, तर एक्स-रे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं, तर छातीचा एक्स-रे, आणि त्याच्यासोबत थुंकीची तपासणीही. सोनोग्राफीच्या आवाजाच्या लहरी हाडातून आणि हवेतून नीट पुढे जात नाहीत. पित्ताशय, मूत्रपिंड, गर्भाशय असे मऊ अवयव मात्र तिच्यात चांगले दिसतात.

आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगतो. तळलेलं खाल्लं की तासा-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत जायची. त्यांनी आपल्या मनानेच पोटाचा एक्स-रे काढला. त्यात काही निघालं नाही, म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्यांवर चार महिने काढले. पुढे डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली, तेव्हा पित्ताशयात खडे दिसले. हे खडे बहुतेक वेळा एक्स-रेत उमटतच नाहीत. म्हणजे एक्स-रे साफ आला तरी पोट साफ आहे असं नाही.

या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जायचं. चहासुद्धा नको, कारण खाल्लं-प्यायलं की पित्ताशय आकसतं आणि आतलं दिसत नाही. ओटीपोटात दुखतंय, अंगावरून जास्त जातंय, तर उलट तयारी: तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि लघवी रोखायची. भरलेली पिशवी आतडी बाजूला सारते, मग गर्भाशय दिसतं. बसच्या प्रवासात हे अवघड जातं, तेव्हा पाणी तिथे पोचल्यावरच प्या.

पाळी चुकली असेल तर एक्स-रेच्या आधी तिथल्या माणसाला ते सांगायचंच. बाई लाजते, तेव्हा आपण सांगायचं. गरोदरपणातली सोनोग्राफी बाळाची वाढ पाहायला असते; मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

काही वेळा मात्र बाहेर तपासणी करत बसूच नका. पाळी चुकलेली आणि अचानक ओटीपोटात जोराची कळ, चक्कर, घाम. पोट फुगून लाकडासारखं कडक, उलट्या, शौच आणि वारा बंद. पोटात कळ, त्यात थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे. अशा वेळी 108 ला फोन करून थेट रुग्णालयात न्यायचं. पोट कडक असताना डॉक्टर आधी उभ्याने एक्स-रे काढतील, तेव्हा सोनोग्राफीचा आग्रह धरू नका. आतडं फुटून बाहेर आलेली हवा त्यात दिसू शकते.

आणि जुने रिपोर्ट, फिल्मसकट, पिशवीत घालून न्या.