आधी कृती, मग उभारी

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर मनोविकारतज्ज्ञ सहजी भेटत नाहीत. तिथे उदास माणसाच्या मदतीला जाते ती थोडे प्रशिक्षण घेतलेली गावातलीच कार्यकर्ती. आज मी बोलणार आहे ते तिच्यासाठी, आणि तिचे काम समजून घेऊ इच्छिणाऱ्या आपणा सर्वांसाठी.

असे काम होऊ शकते का, याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, गंभीर नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर एक चाचणी केली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर स्थानिक, बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

या भेटींचा गाभा साधा आहे. उदास माणूस म्हणतो, ‘बरे वाटले की उठेन.’ पण न उठल्याने माणसे तुटतात, कामे साचतात आणि मन आणखी खचते. म्हणून मनाची वाट न पाहता आधी एक लहान कृती करायची.

ती कोणती, हे समुपदेशकाने ठरवायचे नाही. ते वही सांगते. समजा, निफाडकडच्या एक सुमनताई आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांना काही बदलायला सांगू नका. फक्त नोंद करायला सांगा. वेळ, काय केले, आणि मनाला शून्य ते दहापैकी किती गुण. सकाळी सात, अंथरुणातच, दोन. अकरा वाजता शेजारीण आली, दोघींनी भाजी निवडली, पाच. दुपारी पडून राहिल्या, दोन. संध्याकाळी गाईला चारा घातला, चार. लिहिता येत नसेल तर घरातल्या कुणी लिहावे, किंवा टिंबे काढावीत.

नोंद शक्यतो दोन-तीन तासांच्या आत व्हावी. रात्री एकदम लिहायला बसले की उदास मन सगळा दिवस काळा रंगवते आणि अकराचा तो पाच वहीत येतच नाही. सगळीकडे सारखेच गुण दिसले, तर नोंद एकदम केली का, हे आधी विचारा.

आता वही दोघींनी मिळून वाचायची. सोबत असली, हाताला काम असले, की मन वर सरकते. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवा: मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता शेजारणीकडे जाऊन भाजी निवडायची, पंधरा मिनिटे. वार, वेळ, जागा, सोबत, सगळे लिहून. ‘जरा बाहेर पडत जा’ हे वेळापत्रक नव्हे.

इथेच घाई होते. उत्साहाच्या भरात ‘रोज तासभर फिरा’ असे सांगितले जाते. दोन दिवसांत ते मोडते आणि ‘मी कुचकामी आहे’ याचा सुमनताईंना आणखी एक पुरावा मिळतो. ठरलेले झाले नाही, तर रागावू नका, समजूतही घालत बसू नका. ‘आड काय आले?’ एवढे विचारा आणि काम निम्मे करा. शेजारणीच्या दारापर्यंत जाणे, हीही कृतीच. केले, पण गुण वाढले नाहीत, असे झाले तर विचारा, ‘हात भाजीत होते, तेव्हा मन कुठे होते?’ पुष्कळदा ते कर्जाच्या विचारातच फिरत असते. मग लक्ष गुंतेल असे काम निवडा, शेंगा मोजून ठेवण्यासारखे किंवा गप्पांचे.

मात्र सोबत नसणे हे ज्यांचे मूळ दुखणे नाही, घरात मारहाण किंवा उपासमार आहे, तिथे वेळापत्रक पुरेसे नाही. तिथे त्या अडचणीवरच काम करावे लागते.

वरिष्ठ महिन्यातून एकदाच भेटत असतील, तर? गोव्यात समुपदेशक, रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेली भेट गटात बसून ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. चार जणी जमल्या, तरी हे जमते. दर भेटीला नऊ प्रश्नांची ठरलेली प्रश्नावलीही भरून घ्यावी. तीन-चार भेटींनंतरही तिचे गुण उतरत नसतील, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे पाठवावे.

आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर ‘हो’ आले, तर वही मिटा. विचार किती वेळा येतो, काही ठरवले आहे का, फवारणीचे औषध घरात कुठे आहे, हे स्पष्ट विचारा. असे विचारल्याने विचार बळावत नाही. औषध घरच्यांकरवी हलवा, माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी वरिष्ठांना व डॉक्टरांना कळवा. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.