नाव उच्चारानं न्यायचं, अर्थानं नाही
(प्रभागसंघाच्या सभेत एका बँक सखीनं केलेलं बोलणं)

ताईंनो, कर्जाच्या फाईलसाठी आपण आधार कार्डाचा फोटो काढतो, आणि फॉर्म असतो इंग्रजीत. मग काही जणी तो फोटो फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला दाखवतात अन् जे इंग्रजी येईल ते उतरवून घेतात. गडबड इथंच होते.

समजा, नाव आहे आशा महादेव काळे, राहणार कारंजा (घाडगे). ॲप शब्दाचा अर्थ शोधतं. आशाचं Hope होऊ शकतं, काळेचं Black, अन् गावाचं चक्क Fountain, म्हणजे पाण्याचं कारंजं! दरवेळी असं होत नाही. कधी नाव बरोबर येतं, म्हणून तर आपण नजर टाकत नाही. पण Hope Black नावाचं खातं बँकेत नाही, फाईल परत येते.

नावाचा अर्थ न्यायचा नाही, उच्चार न्यायचा: Asha Kale. याला लिप्यंतर म्हणतात. पत्त्यात मात्र दोन्ही लागतं. 'हनुमान मंदिराजवळ' यातल्या 'जवळ'चं Near करायचं, पण देवळाचं नाव Hanuman Mandir असंच ठेवायचं. सेवाग्रामचं Sevagram, 'सेवेचं गाव' नाही.

आता उच्चारही इंग्रजीत एकाच तऱ्हेनं लिहिला जात नाही. वंदना V नं लिहितात, W नंही. ठाकरे कोणी Thakre लिहितं, कोणी Thakare. वाचायला दोन्ही बरोबर, पण संगणक अक्षरं जुळवतो. म्हणून स्पेलिंग आपल्या मनानं करूच नका. आधारवर नाव मराठीत अन् इंग्रजीत दोन्ही छापलेलं असतं. त्यातली इंग्रजी ओळ एकेक अक्षर पाहून उतरवा, मग पासबुक अन् पॅन कार्डाशी ताडून पाहा.

उलट दिशेनं तर आणखी अवघड. Kale वरून काळे की काले? Dhole वरून ढोले की धोले? इंग्रजीत फरकच कळत नाही. गटाच्या मराठी रजिस्टरात लिहायचं तर आधारची मराठी ओळ पाहा. फोटो पुसट असला की ध अन् घ, भ अन् म यांची गल्लत होते, अनुस्वार गळतो. कार्डावर चमक येणार नाही असा उजेडात फोटो काढा, अन् शंका आली तर कार्डच हातात घ्या.

आधारवर अन् पासबुकात स्पेलिंग वेगळं निघालं, तर आधार बदलायला धावू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आधी पाहा, चूक कुठं आहे. पासबुकात असेल तर बँकेत अर्ज अन् आधारची झेरॉक्स द्या, खात्यातलं नाव तिथंच दुरुस्त होतं.