नोटीस नंतर, रजिस्टर आधी

सोसायटीची सुरक्षा एजन्सी बदलायची आहे, करार रद्द करण्याच्या नोटिशीचा मसुदा सांगा, अशी विचारणा सतत होत असते. मसुदा सांगतो. पण त्याआधी माझा एक प्रश्न असतो आणि त्यावर बहुतेक अध्यक्ष-सचिव गप्प होतात. तुमच्या गेटवरची रजिस्टरं या क्षणी कोणाच्या हातात आहेत?

एजन्सीच्याच हातात असणार. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, रात्रीच्या फेऱ्यांची वही, रक्षकांचं हजेरीपत्रक, सगळं त्यांच्या सुपरवायझरच्या टेबलावर. एजन्सीने काय चुका केल्या याचा तुमच्याकडचा एकमेव लेखी पुरावा तोच. नोटीस एजन्सीच्या कार्यालयात सकाळी पोहोचली, तर संध्याकाळपर्यंत ती वही 'ऑडिटसाठी' गेलेली असते. किंवा मोकळ्या रकान्यांत एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात सह्या आलेल्या असतात. म्हणून आधी पुरावा ताब्यात घ्या, मग नोटीस द्या. मागच्या तीन महिन्यांच्या पानांचे फोटो काढा, पानांवर क्रमांक घाला, समितीच्या दोन सदस्यांनी तारीख टाकून सह्या करा.

कॅमेऱ्यांचंही तसंच. चित्रण कायमचं राहत नाही. हार्ड डिस्क भरली की यंत्र जुन्यावर नवं लिहीत जातं. बहुतेक सोसायट्यांत पंधरा दिवस ते महिनाभराचंच चित्रण शिल्लक असतं. डिसेंबरात गेट रात्रभर उघडं होतं म्हणून तुम्ही फेब्रुवारीत नोटीस लिहायला बसलात, तर दाखवायला काय उरलं? घटना घडली की त्याच आठवड्यात ते चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि एजन्सीला दोन ओळींचं तक्रारपत्र पाठवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शंभर जणांनी रागाची चिन्हं टाकली म्हणजे तक्रार नोंदली गेली असं होत नाही हो! उलट त्या ग्रुपवर कोणाचा तरी भाऊबंद असतोच आणि एजन्सीला तुमच्या आधी बातमी लागते.

आता नोटीस. एक उदाहरण घेऊ. कराराप्रमाणे दिवसा चार आणि रात्री चार रक्षक, बारा-बारा तासांची पाळी, दर रक्षकामागे महिना २२,५०० रुपये, आणि कोणत्याही पक्षाने एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवावा असं कलम. असं कलम असेल तर करार संपवायला कारण सिद्ध करावं लागत नाही. त्याच कलमाचा आधार घ्या आणि महिनाभराची मुदत द्या. रागाच्या भरात 'उद्यापासून येऊ नका' असं लिहिलंत तर एजन्सी त्या महिन्याचे पैसे मागणार, आणि तिची मागणी सहजी झटकता येणार नाही. त्रुटी तरीही लिहायच्या, कारण शेवटच्या बिलातली कपात त्यांच्यावर उभी राहते.

त्रुटी लिहायच्या कशा? 'आपली सेवा अत्यंत असमाधानकारक असून रहिवासी त्रस्त आहेत' हे वाक्य मला प्रत्येक मसुद्यात सापडतं आणि त्याचा उपयोग शून्य असतो. त्याऐवजी लिहा: '१२ फेब्रुवारी रोजी रात्रपाळीत चार रक्षक अपेक्षित असताना हजेरीपत्रकात तीनच सह्या आहेत. १४ फेब्रुवारीला रात्री दोन ते पाच या वेळेत फेऱ्यांच्या वहीत एकही नोंद नाही. याबाबत १५ फेब्रुवारीला आपणांस पत्र दिले होते.' तारीख, वेळ, जागा, आधीच्या पत्राचा दाखला. चोरी झाली असेल तर पोलीस तक्रारीचा क्रमांक लिहा. 'आपल्याच माणसाने केली' असं मात्र लिहू नका, ते ठरवणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम.

आणि 'वॉचमन झोपलेला आढळला' हे लिहिण्याआधी हजेरीपत्रक पुन्हा उघडा. त्याच माणसाचं नाव दिवसपाळीतही आहे का? पुष्कळदा असतं. माणसं कमी पडली की एजन्सी एकालाच चोवीस तास उभं करते आणि बिल दोघांचं लावते. पहाटे चार वाजता त्याचा डोळा लागला तर त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांची मला चीड येते. चूक एजन्सीची आहे. तीच नोटिशीत लिहा: 'एकाच रक्षकाकडून सलग दोन पाळ्या करून घेतल्या.' हा मुद्दा झोपेच्या फोटोपेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि तोही त्या हजेरीपत्रकातच सापडतो. म्हणून तर म्हणतो, वही आधी!

नोटिशीत कराराची तारीख, कलमाचा क्रमांक आणि व्यवस्थापक समितीच्या ठरावाचा क्रमांक हवा. ठरावाशिवाय एकट्या अध्यक्षांची सही चालवू नका. मुदत मोजायची ती नोटीस मिळाल्यापासून, लिहिल्यापासून नव्हे. तुम्ही २८ फेब्रुवारीला लिहिली, एजन्सीला ४ मार्चला मिळाली, तर ४ एप्रिल हा शेवटचा दिवस धरा आणि ५ एप्रिलला सकाळी आठला, पाळी बदलताना, हस्तांतर ठेवा. नोटीस हातोहात देऊन शिक्क्याची पोच घ्या, शिवाय स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

बिलाचं थोडक्यात. महिना २२,५०० म्हणजे तीस दिवसांच्या हिशेबाने एका पाळीचे ७५० रुपये. सतरा पाळ्या रिकाम्या गेल्या तर कपात १२,७५० रुपयांची, नोंदींच्या यादीसह. संपूर्ण बिल अडवू नका, त्यात रक्षकांचा पगार असतो. मात्र शेवटची रक्कम देण्याआधी पगार दिल्याचा पुरावा आणि रक्षकांच्या नावांसह भविष्यनिर्वाह निधी व ईएसआयची चलनं मागा. एजन्सीने ते पैसे बुडवले तर मागणी सोसायटीच्या दारात येऊ शकते.

नव्या एजन्सीचा २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना पाहा, त्याची मुदतही. जुन्याच रक्षकांना नव्या एजन्सीत घ्यायचं असेल तर करारात त्याला मनाई आहे का ते वाचा.

हस्तांतराच्या दिवशी जुने आणि नवे सुपरवायझर समोरासमोर हवेत. त्याआधीची एक रात्र नव्या दोघांना जुन्यांबरोबर राहू द्या. कारण कोणत्या विंगची टाकी किती वाजता भरते, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच फिरवायचा, हे कुठेही लिहिलेलं नसतं, ते रात्रपाळीच्या वॉचमनलाच ठाऊक असतं. यादी करा: पंपरूम, गच्ची, मीटररूम, लिफ्टच्या मशीनरूमच्या चाव्या, वॉकीटॉकी, बॅटऱ्या, आणि पुन्हा एकदा, सगळी रजिस्टरं. गेटवरचं ॲप एजन्सीच्या सुपरवायझरच्या मोबाइल नंबरवर चालत असेल तर तो नंबर आदल्या दिवशी बदला, नाहीतर पाहुण्यांचे निरोप त्याच्याकडेच जात राहतील.

यादीवर तिन्ही बाजूंच्या सह्या घ्या. जुना सुपरवायझर सही नाकारतोच बऱ्याचदा. वाद घालू नका. त्याने नाकारल्याची नोंद यादीखाली करा, सचिव आणि दोन सदस्यांनी वेळ टाकून सही करा आणि त्याच दिवशी ती प्रत एजन्सीच्या पत्त्यावर पाठवून द्या.